धागा: फ्रेझर साहेबांची सेवेत येण्याची तारीख, बढत्या आणि नेमणुका सिव्हिल लिस्टवरून कशा ठरवाव्यात?

करवीर_वाचक (धागाकर्ता)

नमस्कार. राजर्षी शाहू महाराजांचे शिक्षक आणि पालक म्हणून काम पाहिलेले स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर यांच्यावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. महाराजांनी राजकोटचे राजकुमार कॉलेज सोडल्यापासून २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्याकडे राज्याधिकार येईपर्यंतच्या धारवाडमधील वर्षांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्या काळात फ्रेझर स्वतः सेवेच्या कोणत्या पायरीवर होते हे कोणी नीट मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. माझ्या टिपणांत त्यांच्या सेवाप्रवेशाची दोन साले जमली आहेत, १८८२ आणि १८८४, आणि दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, तो म्हणजे 'सेवेत दाखल'. माझा दुसरा प्रश्न असा की मुंबई इलाख्याचा साहाय्यक कलेक्टरच्या वर्गातील अधिकारी जेव्हा एखाद्या संस्थानच्या राजपुत्राचा शिक्षक होतो, तेव्हा त्याला मुंबई सरकारच्या नोकरांच्या छापील यादीत, म्हणजे सिव्हिल लिस्टमध्ये, महसूल खात्यात शोधावे की राजकीय खात्यात, आणि त्या काळात त्याच्या नावासमोर बढती दिसली तर तिचा अर्थ काय घ्यावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तरेश्वर_पेठ

यात फार अडचण नसावी. सिव्हिल लिस्टचे अंक क्रमाने लावावेत आणि ज्या अंकात नाव पहिल्यांदा येते ते सेवाप्रवेशाचे वर्ष धरावे. अंक मिळाले नाहीत तर निवृत्तीच्या वर्षातून २५ वजा करावेत, कारण सनदी नोकरांना २५ वर्षांनी पेन्शन मिळत असे. मी दोन कलेक्टरांच्या बाबतीत हे करून पाहिले आहे आणि एकाचे उत्तर तंतोतंत जुळले.

जुनी_दप्तरे

उत्तरेश्वर यांच्या म्हणण्यातला पहिला भाग उपयोगाचा आहे, पण तो अर्धाच आहे. यादीत नाव पहिल्यांदा कधी दिसते यावरून एवढेच कळते की त्या अंकाच्या तारखेपूर्वी आणि आधीच्या अंकाच्या तारखेनंतर तो माणूस इलाख्यात रुजू झाला. वजाबाकीचा मार्ग मात्र सोडून द्यावा. २५ वर्षे ही पेन्शनसाठी लागणारी किमान सेवा होती आणि त्यांतली २१ वर्षे प्रत्यक्ष कामावर गेलेली असावी लागत. ज्याने फर्लो, म्हणजे लांब मुदतीची रजा, जास्त घेतली त्याला अधिक काळ थांबावे लागे, आणि ज्याला वरची जागा मिळण्याची आशा होती तो आपणहून थांबे. फ्रेझर पुढे म्हैसूर, काश्मीर आणि हैदराबाद येथे रेसिडेंट झाले. अशा माणसाच्या बाबतीत २५ची वजाबाकी साफ चुकीच्या वर्षावर नेऊन सोडेल.

आता मूळ प्रश्न. १८८२ आणि १८८४ ही साले एकमेकांच्या विरोधात नाहीत. स्पर्धा परीक्षेचे नियम वेळोवेळी बदलले, आणि कोणत्या नियमांखाली माणूस आला हे आधी पाहिले की निम्मा गोंधळ मिटतो. १८७०च्या दशकाच्या अखेरीपासून १८९२पर्यंत उमेदवाराचे वय १७ ते १९ असावे लागे, आणि निवड झाल्यावर त्याला दोन वर्षे इंग्लंडमध्येच, बहुधा एखाद्या विद्यापीठात राहून, परिविक्षा पूर्ण करावी लागे. त्या दोन वर्षांत कायदा, हिंदुस्थानचा इतिहास आणि नेमून दिलेल्या इलाख्याच्या भाषा शिकवल्या जात, आणि शेवटच्या परीक्षेनंतर तो बोटीत बसे. फ्रेझर यांचा जन्म १८६४चा आहे, म्हणजे १८८२ साली ते १८ वर्षांचे होते. निवड १८८२ची आणि मुंबईत आगमन १८८४चे, हे नियमाशी पूर्ण जुळते. १८९२नंतर वयाची मर्यादा २१ ते २३ झाली आणि परिविक्षा एका वर्षावर आली, त्यामुळे त्या पुढच्या अधिकाऱ्यांत हेच अंतर साधारण एका वर्षाचे दिसेल.

लंडनहून दरवर्षी निघणाऱ्या इंडिया ऑफिस लिस्टमध्ये मागच्या बाजूस सेवावृत्तांताचा आडनावाप्रमाणे लावलेला विभाग असे, आणि त्यातील सनदी नोकरांच्या नोंदीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येतात. अमुक सालच्या परीक्षेनंतर नेमणूक, आणि लगेच पुढे इलाख्यात आगमनाची तारीख. घाईने वाचणारा त्यांतले पहिले साल उचलतो, मुंबईच्या यादीवरून लिहिणारा दुसरे उचलतो, आणि दोघेही त्याला 'सेवेत दाखल' म्हणतात. आपण लेखात दोन्ही द्यावीत आणि प्रत्येकाला त्याचे नाव द्यावे.

राजारामपुरी_आठवी

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून येथेच विचारतो. माझे पणजोबा कोल्हापूर संस्थानात मामलेदार होते असे घरात सांगतात. इंटरनेट आर्काइव्हवर मिळालेल्या मुंबई सिव्हिल लिस्टच्या तीन अंकांत मी शोधले, त्यांचे नाव कोठेही नाही. मग घरात सांगतात ते खोटे समजायचे का?

जुनी_दप्तरे

मुळीच नाही. मुंबईची सिव्हिल लिस्ट मुंबई सरकारच्या नोकरांची होती, आणि कोल्हापूर दरबारचे नोकर हे दरबारचे नोकर होते. करवीरचा मामलेदार मुंबईच्या यादीत न सापडणे हीच अपेक्षित गोष्ट आहे, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मुंबई सरकारचा एखादा माणूस दरबाराने उसना घेतला असेल तरच तो त्या यादीत दिसेल. आपण कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानची नेमणूकपत्रके आणि पगारपत्रके पाहावीत, आणि जुना भाग मोडीत असेल याची तयारी ठेवावी. यासाठी वेगळा धागा काढलात तर मोडी वाचणारे सभासद तेथे मदत करतील.

करवीर_वाचक, आपला दुसरा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, म्हणून तो सविस्तर घेतो.

इलाख्याच्या नोकराला संस्थानच्या कामावर पाठवले की त्याची मूळ जागा सहसा जात नसे. ती जागा त्याच्या नावावर राहत असे आणि तिथे दुसरा कोणी तात्पुरता बसे. त्यामुळे एकाच माणसाचे दोन हुद्दे एकाच ओळीत येतात. एक त्याची कायम नेमणूक, जिच्यावर त्याची ज्येष्ठता चालते, आणि दुसरे तो त्या दिवशी प्रत्यक्ष करीत असलेले काम. ज्येष्ठतेने वरची जागा मोकळी झाली की दूर असलेल्या माणसालाही कायम बढती मिळे. म्हणजे दुसऱ्या साहाय्यक कलेक्टरचा पहिला साहाय्यक कलेक्टर झालेला माणूस त्या जिल्ह्यात एक दिवसही गेलेला नसणे शक्य आहे. चरित्रकार अशी ओळ पाहून 'या वर्षी त्यांची अमुक जिल्ह्यात बदली झाली' असे लिहितो, आणि पुढे तेच उतरत जाते. बढती आणि बदली या दोन वेगळ्या घटना आहेत. यादीत त्या एका ओळीत दिसल्या तरी लेखात त्या वेगळ्या ठेवाव्यात.

शोधताना दोन्ही खाती पाहावीत. महसुलाच्या श्रेणीयादीत ज्येष्ठतेची जागा मिळेल, आणि राजकीय खात्याच्या पानावर प्रत्यक्ष काम. हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे माणूस गेला, जसे फ्रेझर पुढे म्हैसूरला गेले, तर मुंबईच्या यादीत बहुधा केवळ एक शेरा उरतो आणि तपशील त्या खात्याच्या यादीत शोधावा लागतो. यादीतून नाव पातळ झाले म्हणजे माणूस रजेवर गेला असे समजू नये.

मेघना_गारगोटी

जुनी_दप्तरे यांनी सांगितलेला भेद पटला, पण प्रत्यक्ष अंक हातात घेतल्यावर कोणता कागद कशासाठी वापरायचा यात नवशिक्याचा गोंधळ होतो. एखादा नमुना मांडून दाखवाल का? मी स्वतः बेळगावच्या काही अधिकाऱ्यांची माहिती गोळा करीत आहे, आणि माझ्याकडे फक्त जानेवारीचे अंक आहेत.

जुनी_दप्तरे

मेघनाताई, फक्त जानेवारीचे अंक असणे हीच मोठी अडचण आहे, आणि तिच्यापासूनच सुरुवात करतो. पुढचा नमुना पद्धत समजावी म्हणून मांडलेला आहे, तो कोणा विशिष्ट अधिकाऱ्याचा नाही.

मुंबईची सिव्हिल लिस्ट वर्षातून चार वेळा निघे, आणि प्रत्येक अंक अमुक तारखेपर्यंत दुरुस्त केलेला असे: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. ती त्या एका दिवसाची स्थिती दाखवते. समजा १ जानेवारीच्या अंकात एक गृहस्थ साताऱ्याला पहिले साहाय्यक कलेक्टर आहेत. १ एप्रिलच्या अंकात ते बेळगावला हंगामी कलेक्टर आहेत. १ जुलैच्या अंकात ते पुन्हा साताऱ्याला आपल्या जागी आहेत. यावरून आपण इतकेच म्हणू शकतो की २ जानेवारी ते १ एप्रिल यांच्या दरम्यान कधीतरी ते बेळगावला गेले आणि २ एप्रिल ते १ जुलै यांच्या दरम्यान परतले. ज्याच्याकडे फक्त जानेवारीचे अंक आहेत त्याला मात्र साताऱ्याहून सातारा दिसेल आणि बेळगाव कधी घडलेच नाही असे वाटेल. तीन महिन्यांपेक्षा लहान हंगामी नेमणूक तर चारही अंकांच्या फटीतून निसटू शकते.

यानंतर 'हिस्टरी ऑफ सर्व्हिसेस' पाहावी. राजपत्रित अधिकाऱ्यांचा हा सेवेतिहास वेगळा ग्रंथ म्हणून निघे आणि त्यात ठिकाण, कायम नेमणूक व तिची तारीख, हंगामी नेमणूक व तिची तारीख, असे रकाने असत. रजाही तेथेच येतात. आपल्या नमुन्यात तेथे बेळगावच्या हंगामी कलेक्टरीची तारीख १२ फेब्रुवारी आहे आणि पुन्हा साताऱ्याची १२ मे आहे असे धरा. कायम नेमणुकीचा रकाना मात्र या सगळ्या काळात हललेला नाही. म्हणजे बढती झाली नाही, कोणाच्या तरी जागी तीन महिने काम पाहिले गेले.

मग कोणाच्या जागी? येथे माझ्या दृष्टीने सर्वांत खात्रीचा ताळा सापडतो. बेळगावचा कायम कलेक्टर कोण होता ते त्याच एप्रिलच्या यादीत पाहावे आणि त्याचा सेवेतिहास उघडावा. त्या काळी प्रिव्हिलेज लीव्ह एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने मिळे. त्या गृहस्थांची तीन महिन्यांची रजा फेब्रुवारीत सुरू होऊन मे महिन्यात संपत असेल तर दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी एकमेकींना धरून उभ्या राहतात. त्यांची रजा मार्चमध्ये सुरू होते असे दिसले तर आपल्या अधिकाऱ्याच्या तारखेत, किंवा दोघांपैकी एकाच्या नोंदीत, छपाईची चूक आहे, किंवा मध्ये तिसरा माणूस काही दिवस बसला आहे. अशा वेळी मुंबई सरकारचे राजपत्र पाहण्यावाचून इलाज नाही.

राजपत्रात नेमणुकीचा हुकूम एका तारखेचा असतो आणि कार्यभार घेतल्याची सूचना दुसऱ्या तारखेची. हुकूम ३ फेब्रुवारीचा आणि कार्यभार १२ फेब्रुवारीचा असेल तर मधले दिवस प्रवासाचे आणि साताऱ्याचे काम सोपवण्याचे. कार्यभार दुपारपूर्वी घेतला की दुपारनंतर हेही तेथे दिलेले असते, आणि एक दिवसाचा फरक बहुधा त्यातून येतो. हा फरक दिसला म्हणून दोन साधनांत विरोध आहे असे लिहू नये.

उत्तरेश्वर_पेठ

एवढा खटाटोप प्रत्येक नेमणुकीसाठी करावा लागेल का? सेवेतिहासाचे दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांचे खंड एकच तारीख देत असतील तर ती पक्की मानायला काय हरकत आहे? मी तर नेहमी तीन खंड पाहतो.

जुनी_दप्तरे

हरकत आहे, आणि ती महत्त्वाची आहे. सेवेतिहासाचा नवा खंड जुन्या खंडातील मजकुरात पुढची भर घालून छापला जाई. पहिल्या खंडात मे महिन्याचा मार्च झाला असेल तर तो पुढे मार्च म्हणूनच छापला जाण्याची शक्यता मोठी. तीन खंड म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराची जबानी तीनदा लिहून घेण्यासारखे ते आहे. स्वतंत्र साक्ष म्हणजे त्या तिमाहीची यादी, कारण ती त्या वेळी तयार झाली, आणि राजपत्र. शिवाय इंडिया ऑफिस लिस्टमधील वृत्तांत बराच आवळलेला असतो. त्यातील पुष्कळ हंगामी नेमणुका आणि रजा गळतात. मोठ्या जागांचा क्रम पाहायला ती उत्तम, पण तिच्यावरून महिने आणि दिवस ठरवू नयेत.

प्रत्येक नेमणुकीसाठी हे करावे असे मी म्हणत नाही. ज्या तारखेवर लेखातला युक्तिवाद उभा आहे तिच्यासाठी मात्र करावेच लागेल.

लष्करी_टिपणे

कोल्हापूरच्या वाचकांसाठी एक मुद्दा मांडतो. आपल्याकडचे पोलिटिकल एजंट सगळे सनदी नव्हते. कर्नल फेरिस यांच्यासारखे कित्येक लष्करातून राजकीय खात्यात आलेले होते. त्यांच्या बाबतीत परीक्षा, परिविक्षा हे काही लागू होत नाही. अशा अधिकाऱ्याची नोंद मुंबईच्या सिव्हिल लिस्टमध्ये राजकीय खात्याच्या पानावर सापडते, आणि आर्मी लिस्टमध्येही सापडते. सेवाप्रवेशाची तारीख म्हणून कमिशनची तारीखच घ्यावी, कारण तीच त्यांची खरी नोकरीची सुरुवात.

जुनी_दप्तरे

लष्करी_टिपणे यांचा मुद्दा योग्य आहे, फक्त शेवटचे वाक्य मी थोडे बदलेन. अशा अधिकाऱ्याला तीन सुरुवाती असतात: पहिले कमिशन, हिंदुस्थानातील लष्करी अधिकाऱ्यांच्या स्टाफ कोअर या दलात प्रवेश आणि मुलकी किंवा राजकीय कामावर पहिली नेमणूक. कोल्हापूरच्या इतिहासासाठी आपल्याला बहुतेक वेळा तिसरी हवी असते, आणि ती कमिशननंतर कित्येक वर्षांनी येते. पेन्शन आणि हुद्दा यांचा विचार चालला असेल तर पहिली.

त्यांच्या बढत्यांबाबतही सावध राहावे. स्टाफ कोअरमध्ये मेजर २० वर्षांच्या सेवेने आणि लेफ्टनंट कर्नल २६ वर्षांच्या सेवेने होत असे. हा हुद्दा काळाने वाढे, त्याचा राजकीय कामगिरीशी संबंध नसे. 'कोल्हापुरातील चोख कामाबद्दल त्यांना कर्नल करण्यात आले' अशी वाक्ये मी छापील पाहिली आहेत, आणि त्यांना यादीत कोणताही आधार नाही. राजकीय बढती पाहायची तर एजंटांच्या श्रेणीतील त्यांची जागा पाहावी. तसेच मुंबई स्टाफ कोअर १८९१मध्ये इतर दोन इलाख्यांच्या कोअरमध्ये मिळून गेले, म्हणून त्या सालानंतर जुन्या शीर्षकाखाली नाव सापडले नाही तर गोंधळून जाऊ नये.

लष्करी_टिपणे

हुद्द्याबद्दल मान्य. सेवाप्रवेशाबद्दल माझे मत कायम आहे. ज्या माणसाने स्वतःच्या कागदांत आयुष्यभर कमिशनची तारीख लिहिली त्याच्या चरित्रात दुसरी तारीख देणे मला पटत नाही.

मेघना_गारगोटी

कागद कोठे मिळतात याबद्दल थोडे लिहिते, कारण त्यातच बहुतेकांचा वेळ जातो. इंटरनेट आर्काइव्हवर इंडिया ऑफिस लिस्टचे काही अंक आणि काही इलाख्यांचे सेवेतिहास आहेत, पण सलग मालिका क्वचित मिळते. तेथे आडनाव टाकून शोधले तर पुष्कळदा काहीच येत नाही, कारण बारीक ठशांतील संक्षेप यंत्राला नीट वाचता येत नाहीत, आणि श्रेणीयादीत आडनावाआधी फक्त आद्याक्षरे असतात. मी आता शोधपेटीचा नाद सोडून मागची सूची उघडते, पानाचा आकडा घेते आणि तेथे जाऊन डोळ्यांनी वाचते. ब्रिटिश लायब्ररीत सेवेतिहासांची मालिका `IOR/V/12` आणि सिव्हिल लिस्टची मालिका `IOR/V/13` अशी नोंदलेली आहे. कोणता अंक अस्तित्वात आहे हे सूचीवरून आधी पाहून घेतले तर 'अंक निघालाच नव्हता' आणि 'मला मिळाला नाही' यांतला फरक कळतो.

आणखी एक गोष्ट. मुखपृष्ठावरचे वर्ष टिपून थांबू नये. 'अमुक तारखेपर्यंत दुरुस्त' ही ओळ आतल्या पानावर असते आणि खरी तारीख तीच. मी माझ्या टिपणवहीत प्रत्येक नोंदीपुढे हीच तारीख लिहिते.

करवीर_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. सेवाप्रवेशाचे वाक्य मी आता असे लिहीन की फ्रेझर यांची निवड १८८२च्या परीक्षेतून झाली आणि परिविक्षा संपवून ते १८८४मध्ये मुंबई इलाख्यात दाखल झाले. धारवाडच्या वर्षांतील कायम नेमणुका आणि प्रत्यक्ष काम यांसाठी दोन रकान्यांचा तक्ता करीत आहे. त्यात ज्या महिन्यांचे अंक हाताशी नाहीत ते रिकामे ठेवीन, आजूबाजूच्या अंकांवरून भरणार नाही.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. शिक्षक म्हणून त्यांच्या कामाची सुरुवात हुकुमाच्या तारखेपासून धरावी, कार्यभाराच्या तारखेपासून, की महाराजांच्या प्रत्यक्ष अभ्यासाच्या आरंभापासून? संस्थानच्या कामात कलेक्टरीसारखा कार्यभार सोपवण्याचा प्रसंगच आला नसेल तर राजपत्रात तशी सूचना असेल का?

जुनी_दप्तरे

सूचना असेलच असे सांगता येत नाही, पण सोडलेल्या जागेची असेल. ते ज्या जिल्ह्यातून निघाले तेथे त्यांच्या जागी कोणीतरी आला असणार, आणि त्याने कार्यभार घेतल्याची तारीख हीच फ्रेझर मोकळे झाल्याची तारीख. तेथून पुढे पोहोचण्याचा काळ धरावा लागेल. अभ्यासाच्या आरंभासाठी मुंबईच्या याद्या उपयोगाच्या नाहीत. त्यासाठी एजन्सीचा पत्रव्यवहार आणि संस्थानचे वार्षिक कारभार-अहवाल पाहावेत. या दोन तारखा वेगळ्या निघाल्या तर दोन्ही छापाव्यात.

मेघना_गारगोटी

मी पुढच्या महिन्यात मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात, माझ्या बेळगावच्या कामासाठी जाणार आहे. करवीर_वाचक, फ्रेझर शिक्षक होण्यापूर्वीच्या शेवटच्या तिमाही यादीत त्यांचा जिल्हा कोणता दिसतो तेवढे मला कळवा. १८८९ आणि १८९०च्या राजपत्रांतील नेमणुकांचा भाग मी तुमच्यासाठी चाळून पाहीन, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाची नोंद मिळाली तर पान क्रमांकासह येथेच देईन.